सावत्र वडिलांना मूल दत्तक घ्यायचं असेल तर कुणाची संमती लागते आणि कुणाची लागत नाही

आईचा घटस्फोट झालेला आहे, मुलाचा ताबा तिच्याकडे आहे, दुसरं लग्न नीट चाललंय आणि नव्या नवऱ्याला मूल कायद्यानं आपलं करायचं आहे. सातारा-सांगली भागात अशी कितीतरी घरं आहेत. त्यातल्या बहुतेकांचा एकच गैरसमज असतो: ताबा आईकडे आहे, म्हणजे तिला कुणाला विचारायची गरज नाही. हा समज खोटा आहे आणि तो महागात पडतो. सही नसल्यामुळे दत्तकविधान रद्दबातल ठरतं, आणि ते कळतं वीस वर्षांनी, वारसाचा दावा कोर्टात उभा राहिल्यावर.

हा लेख मुख्यतः सावत्र वडिलांनी दत्तक घेण्याबद्दल आहे. एकट्या बाईनं दत्तक घेण्याचा भाग शेवटाकडे आहे, कारण तिथंही घोळ होतो तो संमतीवरूनच.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. आईचं माहेर तासगावचं, पहिलं सासर पलूस तालुक्यातलं. 2021 मध्ये परस्परसंमतीनं घटस्फोट झाला आणि मुलीचा कायमचा ताबा आईला मिळाला. 2023 मध्ये कराडच्या माणसाशी दुसरं लग्न झालं. मुलगी आता सात वर्षांची आहे, नवे वडील चौतीसचे. मुलीचे जन्मदाते वडील पिंपरी-चिंचवडला नोकरी करतात. ते मुलीला भेटत नाहीत, पण हयात आहेत.

1. आधी कायदा कोणता ते ठरवा

रस्ते दोन आहेत.

पहिला रस्ता म्हणजे हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956. दत्तक देणारा, घेणारा आणि मूल असे सगळे हिंदू असतील तर हा लागू होतो. या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीख आणि लिंगायतही हिंदूच धरले जातात, त्यामुळे सांगलीतली जैन कुटुंबं आणि जतकडची लिंगायत कुटुंबं यातच येतात. इथं कोर्टाचा आदेश लागत नाही. देण्या-घेण्याचा विधी होतो आणि दत्तकपत्राची नोंदणी होते.

दुसरा रस्ता म्हणजे बाल न्याय कायदा, 2015 आणि त्याखालची 2022 ची दत्तक नियमावली. हा कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला चालतो. मुस्लिम किंवा ख्रिश्चन कुटुंबाला पूर्ण अर्थानं दत्तक घ्यायचं असेल तर हाच रस्ता. इथं ऑनलाइन नोंदणी होते आणि आदेश जिल्हाधिकारी देतात.

बहुतेक हिंदू कुटुंबं पहिला रस्ता धरतात, कारण तो जवळचा वाटतो. पण त्यावर काही गेट आहेत. ती बंद असतील तर दत्तकपत्र कितीही सुबक लिहिलं तरी उपयोग नाही, म्हणून वकिलाकडे जाण्याआधी एवढं तपासा.

मूल पंधरा वर्षं पूर्ण झालेलं नसावं आणि त्याचं लग्न झालेलं नसावं. समाजात तशी रूढी असेल तर अपवाद आहे, पण रूढी सिद्ध करावी लागते. मूल आधी कुणी दत्तक घेतलेलं नसावं.

पुरुष मुलगी दत्तक घेत असेल तर दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचं अंतर लागतं. आपल्या उदाहरणात ते सत्तावीस आहे, म्हणजे अडचण नाही. नवे वडील अठ्ठावीसचे आणि मुलगी आठ वर्षांची असती तर अंतर वीस भरलं असतं आणि हा रस्ता तिथंच संपला असता. पुरुष मुलगा घेत असेल तर ही वयाची अट नाही.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते पुढच्या अटीवर. मुलगा दत्तक घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला त्या वेळी हयात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा पणतू नसावा. मुलगी घ्यायची असेल तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. कराडच्या या जोडप्याला दुसऱ्या लग्नातून मुलगी झाली, तर त्या दिवसापासून थोरलीला या कायद्यानं दत्तक घेता येणार नाही. मुलगा झाला तर थोरलीला घेता येईल. म्हणून पुढचं मूल होण्याआधी हे काम उरकणं शहाणपणाचं.

याच अटीमुळे आईला पहिल्या लग्नाचे दोन मुलगे असतील तर नव्या वडिलांना या कायद्यानं दोघांनाही घेता येत नाही. पहिला दत्तक घेतला की त्यांना मुलगा आहेच, मग दुसऱ्याचं दार बंद होतं. एक मुलगा आणि एक मुलगी असतील तर दोघं चालतात. दोन भावांना वेगवेगळ्या नावानं वाढवायचं नसेल तर सरळ दुसरा रस्ता धरा.

2. सही कुणाची लागते

जन्मदात्या आईची. मूल देणारी तीच आहे. तिची सही दोन नात्यांनी लागते: एकदा देणारी आई म्हणून आणि एकदा दत्तक घेणाऱ्याची पत्नी म्हणून, कारण विवाहित पुरुषाला पत्नीच्या संमतीशिवाय दत्तक घेता येत नाही. आई मूल देऊन टाकते म्हणजे तिचं नातं तुटतं का, ही भीती बाया हमखास बोलून दाखवतात. तुटत नाही. विवाहित पुरुषानं दत्तक घेतलं की त्याची पत्नी कायद्यानं दत्तक आई ठरते, आणि इथं ती पत्नी म्हणजे मुलाची आईच आहे.

जन्मदात्या वडिलांची, ते हयात असतील तर. 1956 च्या कायद्यात मूल देण्याचा हक्क आई आणि वडील दोघांना सारखा आहे, पण एकानं तो वापरायचा तर दुसऱ्याची संमती लागते. घटस्फोटानं नवरा-बायकोचं नातं संपतं, बापाचं संपत नाही. ताब्याचा आदेश मूल कुणाजवळ राहील एवढंच ठरवतो. तो भेटत नाही, पोटगी देत नाही, दारू पितो किंवा तुरुंगात आहे, यातल्या एकाही कारणानं त्याची संमती माफ होत नाही. तुरुंगात असेल तर तुरुंग प्रशासनामार्फत सही घ्यावी लागते.

कायदा फक्त तीन अपवाद मानतो: त्यानं संसाराचा पूर्ण आणि कायमचा त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा सक्षम न्यायालयानं त्याला मनोविकल ठरवलं असेल. तिसऱ्यातलं 'न्यायालयानं' हे नीट वाचा. मनोरुग्णालयात भरती केल्याचा कागद किंवा डॉक्टरांचं प्रमाणपत्र इथं पुरत नाही.

वडील वारले असतील तर आई एकटी देऊ शकते. आजी-आजोबा, चुलते किंवा भावकी यांची संमती लागत नाही. गावाकडे 'आमचं रक्त आहे, आम्हाला न विचारता कसं दिलं' हा वाद हटकून होतो. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये अकेला ललिता प्रकरणात स्पष्ट सांगितलं की पतीच्या मृत्यूनंतर आईच मुलाची नैसर्गिक पालक असते, आडनाव ठरवण्याचा हक्क तिचा आहे आणि मूल दुसऱ्या पतीला दत्तक देण्याचाही. त्या प्रकरणातही हरकत आजी-आजोबांचीच होती. त्यांना मूल भेटायला मिळावं म्हणून ते कोर्टात जाऊ शकतात, पण दत्तकाला नकार देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

मुलाचं म्हणणं. बाल न्याय कायद्याच्या रस्त्यानं आदेश देणाऱ्याला मुलाचं वय आणि समज बघून त्याची इच्छा विचारात घ्यावीच लागते. पाच वर्षांच्या वरच्या मुलाची संमती घेण्याची तयारी ठेवा. 1956 च्या रस्त्यानं तशी सही लागत नाही, तरी सात वर्षांच्या मुलीला आधी घरात नीट सांगा. विधीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर तिला हे पहिल्यांदा कळू नये.

3. वडिलांची संमती कशी घ्यायची

संमती तोंडी नको. मध्यस्थाचा फोन नको, व्हॉट्सअॅपवरचा 'ओके' नको. घटस्फोटाच्या तडजोडीत 'ताब्याबाबत माझी हरकत नाही' असं वाक्य असतं, त्यावरही विसंबू नका. ते ताब्याबद्दल आहे, दत्तकाबद्दल नाही. 'कुणालाही दत्तक देण्यास हरकत नाही' असं मोघम वाक्य कुणी आधीच लिहून घेतलं असेल तर पुरावा म्हणून जपून ठेवा, पण दत्तक कोण घेणार हे ठरल्यावर त्या नावानिशी नवी सही घ्या.

सर्वांत पक्की पद्धत म्हणजे वडिलांनी दत्तकपत्रावरच 'संमती देणार' म्हणून सही करणं आणि नोंदणीला स्वतः हजर राहणं. ते येत नसतील तर त्यांच्या राहत्या ठिकाणी नोटरीसमोर वेगळं संमतीपत्र करून घ्या आणि मूळ प्रत दत्तकपत्राला जोडा. त्यातला मुख्य मजकूर साधारण असा असावा:

'मी खाली सही करणार, कुमारी (पूर्ण नाव), जन्मतारीख (तारीख), जन्मदाखला क्रमांक (क्रमांक) हिचा जन्मदाता पिता आहे. तिची आई (पूर्ण नाव) हिने माझ्या मुलीला तिचे पती (पूर्ण नाव, वय, राहणार) यांना दत्तक द्यावे यास मी समजून उमजून, कोणत्याही दबावाशिवाय संमती देत आहे. दत्तकविधानानंतर माझे व माझ्या कुटुंबाचे तिच्याशी असलेले कायदेशीर नाते संपुष्टात येईल, तसेच हे दत्तकविधान मागे घेता येणार नाही, याची मला जाणीव आहे. या संमतीसाठी मी कोणतीही रक्कम अथवा मोबदला घेतलेला नाही व घेण्याचे ठरलेले नाही.'

शेवटचं वाक्य शोभेसाठी नाही. दत्तकाच्या बदल्यात पैसे किंवा मोबदला देणं-घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आता आपल्याकडची नेहमीची तडजोड बघा: 'थकलेली पोटगी सोडते, तू सही कर.' बोलणाऱ्याला हा व्यवहारीपणा वाटतो, पण कागदावर तो मोबदला दिसतो. पोटगीचा विषय वेगळा ठेवा आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येऊ देऊ नका. दत्तकानंतर पुढची पोटगी देण्याची वडिलांची जबाबदारी आपोआप संपते, आणि बरेच वडील सही करतात ते त्यामुळेच. ते कायद्याचं फळ आहे, सौदा नाही.

वडील सापडतच नसतील तर? वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं आणि हरकत आली नाही म्हणून पुढे जायचं, असा सल्ला सर्रास मिळतो. जमिनीच्या व्यवहारातली ही सवय आहे. इथं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पत्र, नातेवाइकांकडे चौकशी, पोलिसांत बेपत्ता नोंद असेल तर तिची प्रत, असा शोधाचा पुरावा गोळा करा. सात वर्षं काहीच ठावठिकाणा नसेल तर मृत्यूच्या गृहीतकावर दिवाणी न्यायालयाकडून घोषणा मागता येते. त्याआधी घाईनं केलेलं दत्तकपत्र कच्चंच राहतं.

आणि ते ठाम नकार देत असतील तर 1956 च्या कायद्यात त्यांची सही बाजूला सारण्याची सोय नाही. तेव्हा दत्तकाचा हट्ट सोडून जे करता येतं ते करा. नवे वडील मृत्युपत्रानं आपली स्वकष्टार्जित मालमत्ता मुलीच्या नावे ठेवू शकतात आणि विमा-बँकेत नामनिर्देशन करू शकतात. शाळेत त्यांची नोंद पालक म्हणून करता येते. मुलीचं रोजचं आयुष्य यावर नीट चालतं.

4. मुलाच्या वाट्याची जमीन आधी बघून घ्या

हा टप्पा वडील वारलेल्या मुलांसाठी आहे आणि आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे, कारण जवळजवळ प्रत्येक घराचा कुठेतरी सातबारा असतो.

दत्तक गेल्यावर जन्मघराशी नातं संपतं, पण दत्तकाआधी मुलाच्या मालकीची झालेली मालमत्ता मुलाकडेच राहते. वडिलांची स्वतःची जमीन असेल तर त्यांच्या मृत्यूच्या क्षणीच मुलाचा त्यात वाटा झालेला असतो. वारसनोंद राहिली म्हणून तो वाटा बुडत नाही, मात्र नोंद नसली की वाद सुरू होतो. वडिलोपार्जित, न वाटलेल्या एकत्र कुटुंबाच्या जमिनीत प्रश्न जास्त अवघड आहे. असा न वाटलेला हिस्सा दत्तकानंतर टिकतो की नाही यावर न्यायालयांची मतं वेगवेगळी पडली आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा कल मुलाच्या बाजूचा राहिलेला नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर मुलाचं नाव, एकत्र जमीन असेल तर वाटप, आणि मगच दत्तक. सहा महिने जास्त लागले तरी चालतील.

5. कागद गोळा करा

दोन्ही रस्त्यांना लागतात ते असे:

- मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड
- घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत (साधी झेरॉक्स नको) किंवा पहिल्या पतीचा मृत्यूचा दाखला
- दुसऱ्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र
- आई आणि नव्या वडिलांचे आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा आणि वयाचा पुरावा
- जन्मदात्या वडिलांचं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत
- तिघांचा एकत्र फोटो

दुसऱ्या लग्नाची नोंदणीच झालेली नसते, हे इथं हमखास आढळतं. मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका पुरत नाहीत. आधी ती नोंदणी करून घ्या.

नावांचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे का बघा. जन्मदाखल्यावर आईचं पहिल्या सासरचं नाव आणि आधारवर दुसऱ्या सासरचं, असं असणारच. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

6. 1956 च्या रस्त्यानं: विधी आणि नोंदणी

दत्तक होतं ते विधीनं, कागदानं नाही. मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं कायद्याला लागतं. होमाची गरज नाही. सावत्र वडिलांच्या बाबतीत मूल आधीच त्यांच्या घरात राहत असतं, म्हणून लोक म्हणतात, 'द्यायचं-घ्यायचं काय, पोरगी तर इथंच आहे', आणि थेट दत्तकपत्र टाइप करतात. पुढे कुणी आव्हान दिलं की पहिला प्रश्न हाच येतो: विधी कधी झाला, कुठं झाला, कोण हजर होतं?

विधी साधाच करा. चार नातेवाईक आणि शेजारी बोलवा. आईनं मुलीला हाताला धरून 'मी ही मुलगी तुम्हाला दत्तक देते' असं सांगून नव्या वडिलांच्या मांडीवर बसवावं आणि त्यांनी 'मी दत्तक घेतो' असं म्हणून तिला जवळ घ्यावं. पेढे वाटा, तारखेसह फोटो काढा, आणि हजर असलेल्यांपैकी दोघांना साक्षीदार करा. पुढे कोर्टात येऊ शकतील अशी, वयानं फार थकलेली नसलेली माणसं निवडा.

त्यानंतर दत्तकपत्र करा. त्यात विधीची तारीख, जागा, हजर माणसं, देणारी आणि घेणारा यांच्या सह्या, पत्नी म्हणून आईची संमती, जन्मदात्या वडिलांची संमती, आणि घेणाऱ्याला हयात मुलगी नसल्याचं विधान, हे सगळं आलं पाहिजे. मुद्रांक किती लागतो हे त्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या, कारण दर बदलतात.

सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते दुय्यम निबंधकाकडे नोंदणीला हजर करा. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्यांचं नोंदणीकृत दत्तकपत्र असलं की दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं न्यायालय गृहीत धरतं, आणि ते खोटं असल्याचं सिद्ध करण्याचं ओझं आव्हान देणाऱ्यावर पडतं. मात्र दुय्यम निबंधक अटी तपासत नाही, फक्त दस्त नोंदवतो. वडिलांची संमती नसेल किंवा घरात आधीच मुलगी असेल तर नोंदणीचा शिक्का ते दोष झाकत नाही.

7. बाल न्याय कायद्याच्या रस्त्यानं

पहिल्या टप्प्यातल्या अटींपैकी एखादी आडवी येत असेल तर हा रस्ता धरा. आई आणि सावत्र वडिलांनी मिळून केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या carings.wcd.gov.in या संकेतस्थळावर सावत्र पालकाच्या दत्तकासाठी नोंदणी करायची आणि कागद चढवायचे. इथं 'मूल निवडायचं' नसतं, त्यामुळे प्रतीक्षायादी नाही. जोडप्याला असलेली दोन वर्षांच्या स्थिर संसाराची अट आणि वयाची कमाल मर्यादा सावत्र पालकाला लागू होत नाही.

जिल्ह्यातलं काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो. साताऱ्यात किंवा सांगलीत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. संमतीपत्रं नियमावलीतल्या ठरलेल्या नमुन्यातच लागतात. नोटरीनं आपल्या मनानं टाइप केलेला मजकूर परत येतो, म्हणून आधी नमुना घ्या आणि मग सह्या.

1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. सुनावणी बंद दाराआड होते आणि दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करायचं, आपल्यासाठी ते पुण्याला. मुलाच्या ताब्यावरून कोर्टात दावा चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत ही प्रक्रिया सुरूच होत नाही, तेव्हा आधी तो संपवा.

8. एकट्या बाईला दत्तक घ्यायचं असेल

अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाईला दोन्ही कायद्यांनी दत्तक घेता येतं आणि त्यासाठी बाप, भाऊ किंवा सासर यांपैकी कुणाचीही संमती लागत नाही. बाल न्याय कायद्यानं ती मुलगा किंवा मुलगी कोणतंही मूल घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी घेता येत नाही. तिची नोकरी हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. भुसावळच्या न्यायालयानं एका घटस्फोटित, नोकरदार बाईला बहिणीचं मूल दत्तक घेण्याची परवानगी नाकारली होती, तो आदेश मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये रद्द केला.

अडचण येते ती नवऱ्यानं टाकलेल्या बाईला. दहा वर्षं वेगळी राहत असली, नवऱ्यानं दुसरा घरोबा केला असला, तरी घटस्फोट झाला नसेल तर ती कायद्यानं विवाहितच आहे आणि त्या नवऱ्याची संमती लागते. गावातली फारकत किंवा स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी हा न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. आधी घटस्फोट, मग दत्तक. या क्रमाला पळवाट नाही.

दुसरी गोष्ट लग्नाचा विचार असलेल्या बाईनं आधीच समजून घ्यावी. एकटीनं दत्तक घेऊन नंतर लग्न केलं तर तो नवरा मुलाचा सावत्र बाप ठरतो, आणि 1956 च्या कायद्यानं त्याला ते मूल पुन्हा दत्तक घेता येत नाही. एकदा दत्तक गेलेलं मूल पुन्हा दत्तक जात नाही, आणि दत्तक आईला ते देण्याचा अधिकारही नाही. लग्न ठरलेलंच असेल तर लग्नानंतर दोघांनी मिळून दत्तक घेणं सोयीचं.

9. नंतरच्या नोंदी

आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळा, बँक आणि रेशनकार्ड, याच क्रमानं जा. जन्मदाखला मूळ नोंद जिथं झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत बदलायचा असतो, राहत्या गावी नाही. आपल्या उदाहरणात बाळंतपण माहेरी, तासगावच्या दवाखान्यात झालं असेल तर कराडहून तासगावलाच जावं लागेल. नोंदणीकृत दत्तकपत्र दाखवूनही तिथं नकार मिळाला तर नकार लेखी मागा. त्यावर वरिष्ठांकडे अर्ज करता येतो, आणि गरज पडली तर दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा लावता येतो.

शाळेतली नोंद दहावीचा फॉर्म भरण्याआधी बदलून घ्या. एकदा बोर्डाच्या गुणपत्रिकेवर जुनं नाव गेलं की पुढचे सगळे दाखले त्याच नावानं अडतात.

जन्मदात्या वडिलांकडचे जुने कागद, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांची जातीची नोंद, मुलाचा जुना जन्मदाखला, यांतलं काही फाडू किंवा फेकू नका. जातीचा दाखला आणि पडताळणी काढताना जन्मघराचे पुरावे मागितले जातात, आणि तोपर्यंत त्या घराशी बोलणं राहिलेलं नसतं. संमतीपत्रावर सही घ्यायला वडिलांना भेटाल, त्याच दिवशी या कागदांच्या प्रतीही मागून घ्या.